बेअरिंगचं बिल शिरोलीच्या पार्टीच्या जीएसटी नंबरवर पडलं, आता दुरुस्त बिल मागायचं कसं?

उद्यमनगरकर – १५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. १८ ऑक्टोबरला इथल्याच एका विक्रेत्याकडून बेअरिंग घेतले. माल ८४,००० चा, त्यावर सीजीएसटी ७,५६० आणि एसजीएसटी ७,५६०, एकूण ९९,१२०. माल आला, चलनावर सही करून दिली, बिल फाइलला लावलं. नंबर तपासायचं डोक्यातच आलं नाही.

काल पोर्टलवर टू-बी, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, उघडलं तर हे बिल त्यात नाही. बिल काढून पाहिलं. नाव आमचंच आहे, पत्ताही आमचाच, पण जीएसटी नंबर दुसऱ्याचाच. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणतो, "आम्ही विक्रीचं विवरण, आर-वन, भरलं, आता काय करता येत नाही. पेनानं खोडून नंबर घाला, मी शिक्का मारून देतो." आमचे टॅक्सवाले गावाला गेलेत. २० तारखेला थ्री-बी, म्हणजे महिन्याच्या कराचं विवरण, भरायचंय. १५,१२० रुपयांचा सेटऑफ, म्हणजे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, सोडायचा का? विक्रेत्याकडे नेमकं काय मागू?

रंकाळा_निवृत्त – १५ नोव्हेंबर, १०.०५

रिवाइज्ड इनव्हॉइस मागा. कायद्यात तशी सोय आहे आणि एक महिन्याच्या आत देणं बंधनकारक आहे. तुमचा महिना १८ तारखेला संपतोय, घाई करा. सेटऑफ या महिन्यातच घेऊन टाका. टू-बीपेक्षा ५ टक्के जास्त घेतलेलं चालतं.

मिसळ_कमी_तिखट – १५ नोव्हेंबर, १०.२०

मला पण मदत करा. माझ्या हॉटेलचा पत्ता जीएसटीत जुनाच आहे, ताराबाई रोडचा. तो बदलायला विक्रेत्याकडून काय आणावं लागतं?

उद्यमनगरकर – १५ नोव्हेंबर, १०.३१

मिसळदादा, तुमचा विषय वेगळा आहे. तुमच्या पत्त्याचा विक्रेत्याशी काही संबंध नाही. नोंदणीतली दुरुस्ती तुम्हालाच पोर्टलवर करायची. त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथं सगळा काला होईल.

आकडेमोड – १५ नोव्हेंबर, ११.५०

कोर्टाजवळ माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे, असली प्रकरणं दर महिन्याला दोन-तीन तरी येतात. आधी काकांचं बोलतो. काका, राग मानू नका. तो एक महिन्याचा "रिवाइज्ड इनव्हॉइस" वेगळ्याच कामाचा आहे. एखाद्याची नोंदणी नवीन झाली, पण ती लागू झाल्याच्या तारखेपासून प्रमाणपत्र हातात येईपर्यंत त्यानं साधी बिलं काढलेली असतात, त्या बिलांसाठी तो आहे. महिना मोजायचा तो नोंदणी प्रमाणपत्राच्या तारखेपासून. चुकलेल्या नंबराशी त्याचा संबंध नाही. तो शब्द लिहून विक्रेत्याला पत्र दिलंत तर त्याचा अकाउंटंट "हे आम्हाला लागू नाही" म्हणून मोकळा होईल, आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरही असेल.

ते ५ टक्केही इतिहासजमा झालं. आधी २० टक्के होतं, मग १० झालं, मग ५. १ जानेवारी २०२२ पासून जे टू-बीत दिसतं तेवढंच घ्यायचं. त्यामुळे उद्यमनगरकर, ऑक्टोबरच्या थ्री-बीत हे १५,१२० धरू नका. यावेळी तेवढी रक्कम रोख भरावी लागेल. ती बुडत नाही, पुढे सरकते. चालू आर्थिक वर्षाच्या बिलाचं क्रेडिट पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं. त्याआधी वार्षिक विवरण भरलंत तर मात्र मुदत तिथंच संपते.

आता मुख्य गोष्ट. पेनानं खोडून शिक्का मारलेलं बिल फाइलला बरं दिसतं, पण पोर्टलवर त्यानं काडीही हलत नाही. चूक कागदावर कमी आणि विक्रेत्याच्या आर-वनमध्ये जास्त आहे. दुरुस्ती तिथंच व्हायला हवी.

एक तपासा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबानं निघतं. एखादा आकडा टायपिंगमध्ये चुकला तर पोर्टल सहसा तो नंबर घेतच नाही. तुमचं बिल आर-वनमध्ये गेलं, म्हणजे तो नंबर खरा आणि चालू आहे, फक्त दुसऱ्या कुणाचा तरी आहे. पोर्टलवर करदाता शोधायच्या ठिकाणी तो टाका आणि नाव बघा.

उद्यमनगरकर – १५ नोव्हेंबर, १२.१५

बघितलं. शिरोली एमआयडीसीतलं एक वर्कशॉप निघालं. त्यांचं नाव आमच्यासारखंच आहे, फक्त शेवटी "इंडस्ट्रीज" आहे, आमच्या शेवटी "इंजिनिअरिंग". म्हणजे माझा सेटऑफ त्यांच्या खात्यात जमा झाला?

टॅलीवाली – १५ नोव्हेंबर, १२.४०

हे असंच होतं. मी बारा वर्षं अकाउंटिंग करते. पार्टीचं नाव टाइप केलं की पहिली चार अक्षरं पडल्यावर खाली यादी येते, एंटर मारला की वरचं लेजर बसतं. नाव-पत्ता नंतर कुणीतरी हातानं बदलतं, नंबर लेजरमधला तसाच राहतो. बिल डोळ्यांना बरोबर दिसतं म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

माझी पद्धत सांगते. चुकीच्या पार्टीला क्रेडिट नोट काढायची आणि बरोबर पार्टीला नवीन नंबरचं बिल करायचं. दोन एंट्र्यांत विषय संपतो. उगाच जुनं उकरत बसू नका.

पंचगंगाकाठ – १५ नोव्हेंबर, १.१०

आता आर-वन-ए आलंय की. जुलै २०२४ पासून आहे. थ्री-बी भरायच्या आधी त्याच महिन्याची दुरुस्ती करता येते. विक्रेत्याचं थ्री-बी २० तारखेला जाणार, अजून पाच दिवस आहेत. त्याला सांगा, वन-ए भर म्हणून.

आकडेमोड – १५ नोव्हेंबर, ३.३०

भावा, वन-एची आठवण चांगली काढलीस, पण नेमका घेणाऱ्याचा नंबर त्यात बदलता येत नाही. रक्कम, दर, तारीख असलं काही चुकलं असतं तर वन-ए चाललं असतं. नंबर बदलायचा तर पुढच्या महिन्याच्या आर-वनमध्येच, टेबल ९ए मधून. विक्रेता मासिक भरत असेल तर नोव्हेंबरचं आर-वन ११ डिसेंबरपर्यंत जाईल आणि १४ डिसेंबरच्या टू-बीत ते बिल तुमच्याकडे दिसेल. "आता काय करता येत नाही" हे त्याचं म्हणणं चूक आहे. मागच्या महिन्याचं आर-वन परत उघडत नाही, एवढंच खरं.

म्हणून पहिला प्रश्न त्याला हा विचारा: मासिक की तिमाही? तिमाहीवाला असता आणि ऑक्टोबरचं बिल त्यानं अजून कुठंच चढवलं नसतं, तर पोर्टलवर दुरुस्त करायला काही नव्हतंच. बिल बरोबर करून तिमाहीच्या आर-वनमध्ये घातलं की झालं. तुमचा विक्रेता आर-वन भरलंय म्हणतो, पण विचारून घ्या. काही जण फोन ठेवायच्या घाईत काहीही बोलतात.

टॅलीवालीताई, तुमची पद्धत बाजारात चालते हे खरं आहे, तरी मला ती इथं आवडत नाही. कलम ३४ मध्ये क्रेडिट नोटची कारणं दिलीत: बिलात किंमत किंवा कर जास्त लागला, माल परत आला, माल किंवा सेवा कमी पडली. यात "नंबर चुकला" कुठं बसतं? आणि व्यवहारातली अडचण त्याहून मोठी आहे. ती क्रेडिट नोट शिरोलीवाल्यांच्या आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं मान्य-अमान्य करायच्या ठिकाणी, जाणार. त्यांना काहीच माहीत नाही. त्यांच्या मुलानं "आपली नव्हे" म्हणून रिजेक्ट मारली, तर तो कर परत विक्रेत्याच्या अंगावर येतो. शिवाय नवीन बिल नोव्हेंबरच्या तारखेचं आणि चलन ऑक्टोबरचं, असा मेळ नसलेला कागद राहतो. ९ए मध्ये मूळ बिलाचा नंबर आणि तारीख तशीच राहते, फक्त घेणारा बदलतो.

टॅलीवाली – १५ नोव्हेंबर, ४.०५

दादा, कलम तुम्ही बघा, आम्हाला दुकान चालवायचं असतं. ९ए मध्ये हात घालायला विक्रेत्यांचे अकाउंटंट घाबरतात, म्हणून क्रेडिट नोट. पण शिरोलीवाल्यांनी रिजेक्ट मारली तर, हा मुद्दा मान्य. तसं एकदा माझ्याच बाबतीत झालंय.

उद्यमनगरकर – १५ नोव्हेंबर, ४.२०

विक्रेत्याला लिहून काय द्यायचं ते कुणीतरी सांगा. तोंडी बोललं की "बघतो, करतो" एवढंच ऐकू येतंय.

आकडेमोड – १५ नोव्हेंबर, ६.४५

व्हॉट्सअॅपवर नको, ईमेलवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. लांबण लावू नका. त्याचा अकाउंटंट ते उघडून समोर ठेवून एंट्री करू शकेल, असं लिहा. मी पार्ट्यांना देतो तो मजकूर असा:

"नमस्कार. आपलं १८ ऑक्टोबरचं बिल (क्रमांक अमुक), करपात्र रक्कम ८४,०००, सीजीएसटी ७,५६०, एसजीएसटी ७,५६०. या बिलावर आमच्या नंबरऐवजी दुसऱ्या करदात्याचा जीएसटी नंबर पडला आहे. माल आम्हाला मिळाला असून सही केलेल्या चलनाची प्रत जोडली आहे. आमचा बरोबर नंबर सोबतच्या नोंदणी प्रमाणपत्रावर आहे. ऑक्टोबरच्या आर-वनमध्ये गेलेली ही नोंद नोव्हेंबरच्या आर-वनमध्ये टेबल ९ए मधून दुरुस्त करावी. बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम तीच ठेवून फक्त घेणाऱ्याचा नंबर बदलावा. त्याच क्रमांकाची दुरुस्त प्रत आम्हाला द्यावी आणि आर-वन भरल्यावर त्या नोंदीचं पान पाठवावं."

नंबर मजकुरात हातानं टाइप करू नका. प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि त्यातूनच कॉपी करा. दुरुस्तीतच पुन्हा चूक झाली तर सगळं आणखी किचकट होतं. पुन्हा दुरुस्त करायची संधी मिळेलच असं धरून चालू नका.

पैशाचं काय केलंत? बिल दिलं का पूर्ण?

उद्यमनगरकर – १५ नोव्हेंबर, ७.१०

५०,००० दिलेत, ४९,१२० बाकी आहेत. सगळेच थांबवू का? माझा भाऊ म्हणतो, बिल दुरुस्त होईपर्यंत एक रुपया देऊ नको.

आकडेमोड – १५ नोव्हेंबर, ७.५५

मालाचे पैसे अडवू नका. माल चांगला आहे, तुम्ही वापरताय. ३४,००० देऊन टाका आणि कराचे १५,१२० राखून ठेवा. टू-बीत दिसले की त्याच दिवशी देतो, असं त्याच ईमेलमध्ये लिहा. माणूस कामाला लागतो आणि संबंधही राहतात. फक्त बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या पुढे रक्कम थकू देऊ नका. तसं झालं तर तेवढं क्रेडिट तुम्हालाच उलटवावं लागतं, वर व्याज. हत्यार आपल्यावरच उलटायला नको.

आणि शिरोलीच्या वर्कशॉपला एक फोन करा. ते चोर नाहीत, त्यांनी काही केलेलं नाही. पण आयएमएसमध्ये कुणी काहीच केलं नाही तर बिल मान्य केलं असं धरलं जातं आणि क्रेडिट त्यांच्या टू-बीत बसतं. त्यांनी ते नकळत वापरलं तर पुढे त्यांनाच उलटवायचा त्रास होणार.

गोकुळ_शिरगाव – १६ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

इतकं कशाला? मी दोन वर्षांपूर्वी असलं बिल मिळाल्यावर विक्रेत्याला मालाचे पैसे दिले, टॅक्सचे दिलेच नाहीत. सेटऑफ गेला, पण खिशातूनही गेला नाही. विषय संपला.

आकडेमोड – १६ नोव्हेंबर, ९.१५

तुमचा संपला. विक्रेत्यानं तो कर सरकारला भरला, तुमच्याकडून मिळाला नाही, आणि क्रेडिट तिसऱ्यानंच खाल्लं. तो विक्रेता अजून तुम्हाला उधारीवर माल देतो का?

गोकुळ_शिरगाव – १६ नोव्हेंबर, ९.२२

नाही देत 😄

लक्ष्मीपुरी_रंगवाला – १६ नोव्हेंबर, ११.००

माझा प्रश्न रक्कम चुकल्याचा आहे, इथंच विचारतो. रंगाचे ५० डबे आले, बिल ६० डब्यांचं. १,५०० प्रमाणे ९०,००० लावलेत, हवे होते ७५,०००. १८ टक्के कर १६,२०० लागला, तो १३,५०० हवा होता. विक्रेता म्हणतो, दहा डब्यांचे १५,००० वजा करून दे, टॅक्सला हात लावू नको, तुला काय फरक पडतो, सेटऑफ तर पूर्ण मिळतोय. ऐकायला गोड वाटतंय. घेऊ का?

टॅलीवाली – १६ नोव्हेंबर, ११.४०

घेऊ नका. जे दहा डबे आलेच नाहीत त्यांच्या २,७०० करावर क्रेडिट घेता येत नाही. माल मिळाला असेल तरच क्रेडिट. आणि ते २,७०० तुम्ही त्याला देणारच आहात, फुकट नाहीत ते.

हे मात्र खरोखर क्रेडिट नोटचं प्रकरण आहे, आकडेमोड दादाही मान्य करतील. कराची क्रेडिट नोट मागा: १५,००० अधिक २,७००, एकूण १७,७००. त्यावर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख हवी. उलट झालं असतं, म्हणजे माल ६० आणि बिल ५० चं, तर विक्रेत्यानं डेबिट नोट काढायची असते. आणि बिल अजून आर-वनमध्ये गेलं नसेल तर ते रद्द करून नवीनच मागा, नोटच्या भानगडीत पडू नका.

आकडेमोड – १६ नोव्हेंबर, १२.३०

मान्य 🙏. एवढंच जोडतो. क्रेडिट नोट आयएमएसमध्ये आली की ती स्वीकारा आणि २,७०० चं क्रेडिट कमी करा. बरेच जण क्रेडिट नोट मागून घेतात आणि मग "आपलं क्रेडिट कमी होतंय" म्हणून रिजेक्ट करतात. मूळ बिल रिजेक्ट करायच्या भानगडीतही पडू नका. तसं केलंत तर ५० डब्यांचं क्रेडिटही या महिन्यापुरतं हातचं जाईल.

लक्ष्मीपुरी_रंगवाला – १६ नोव्हेंबर, १२.५०

बिल २८ ऑक्टोबरचं आहे, आर-वनमध्ये गेलंय. म्हणजे नोटच. बरं झालं विचारलं.

उद्यमनगरकर – १८ नोव्हेंबर, रात्री ८.२०

आजची हकिकत. काल शिरोलीला स्वतःच गेलो. फोनवर त्यांना वाटलं मी काहीतरी फसवायला बघतोय. समोर बसून बिल दाखवल्यावर त्यांच्या अकाउंटंट मुलीनं आयएमएस उघडलं. बिल तिथं होतं, तिनं ते पेंडिंगवर टाकलं होतं, कारण "हे बेअरिंग आपण घेतलेच नाहीत" असं तिच्या लक्षात आलं होतं. चहा झाला आणि तिनं आमच्यासमोरच रिजेक्ट केलं. त्यांना तोच विक्रेता माल देतो, म्हणून दोन्ही लेजर त्याच्याकडे आहेत.

विक्रेत्याला ईमेल गेला, ३४,००० पण दिले. दुपारी त्याचा फोन, आवाज बदललेला. मासिकच भरतात. अकाउंटंट "९ए कधी केलं नाही, आमच्या सीएंना विचारतो" म्हणाला.

रंकाळा_निवृत्त – १८ नोव्हेंबर, ९.००

रिवाइज्ड इनव्हॉइसचं मी चुकीचं सांगितलं होतं, जुन्या आठवणीवर बोललो. पण शिरोलीवाल्यांनी रिजेक्ट केलं म्हणजे आता ते बिल आपोआप आपल्या उद्यमनगरकरांकडे येईल ना?

आकडेमोड – १८ नोव्हेंबर, ९.३५

नाही काका. रिजेक्टमुळे ते फक्त त्यांच्या टू-बीतून बाहेर पडतं. विक्रेत्याला त्याच्या बाजूनं रिजेक्ट झालेलं दिसतं, एवढा एक फायदा. इकडे येण्यासाठी ९ए लागणारच.

उद्यमनगरकर – १५ डिसेंबर, सकाळी १०.१०

मंडळी, काल टू-बी आलं. बिल दुरुस्त नोंदींच्या पानावर आहे, १८ ऑक्टोबरचीच तारीख, ७,५६० आणि ७,५६०. आधी नेहमीच्या बिलांच्या पानावर शोधत बसलो आणि पोटात गोळा आला होता. कुणी असं बघणार असेल तर ते पान वेगळं असतं, हे लक्षात ठेवा. १५,१२० आजच दिले. विक्रेत्यानं दुरुस्त प्रत दिली, जुनी प्रतही तिच्याच मागे टाचून ठेवलीय. शिरोलीच्या लेजरच्या नावापुढे आता त्यानं "शिरोली" लिहिलंय म्हणे.

कागल_पंचतारांकित – १५ डिसेंबर, ११.३०

अभिनंदन. पण माझ्या विक्रेत्याची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्याचं बिल ई-इनव्हॉइसनं येतं. त्यानंही नंबर चुकवलाय आणि २४ तास उलटून गेलेत, त्यामुळे त्याचा आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसला मिळणारा नोंदणी क्रमांक, रद्द होत नाही. ९ए मध्ये नंबर बदलला तरी बिलावरच्या क्यूआरमध्ये जुनाच नंबर राहणार. मग ९ए बरं की टॅलीवालीताईंची क्रेडिट नोट?

टॅलीवाली – १५ डिसेंबर, १२.००

ई-इनव्हॉइसला मी तरी क्रेडिट नोट आणि नवीन बिलच करते. क्यूआर वाचला की नंबर जुळला पाहिजे.

आकडेमोड – १५ डिसेंबर, १.४५

इथं मीही अडखळतो. माझ्या एका पार्टीनं ९ए केलं आणि विक्रेत्याचं पत्र जोडून ठेवलं, दुसरीनं क्रेडिट नोट घेतली. दोघांना अजून नोटीस आलेली नाही, पण त्यावरून कुठलं बरोबर हे ठरत नाही. कागलकर, चुकून पडलेला नंबर कुणाचा आहे ते आधी बघा. ती पार्टी सहकार्य करणारी असेल तर क्रेडिट नोटचा धोका बराच कमी होतो. बिलाची तारीख काय आहे?

कागल_पंचतारांकित – १५ डिसेंबर, २.१०

३ डिसेंबर. म्हणजे विक्रेत्याचं आर-वन अजून जायचंय.

आकडेमोड – १५ डिसेंबर, २.१८

मग आधी विक्रेत्याला फोन करा, बाकी नंतर बोलू. आर-वनमध्ये ई-इनव्हॉइसवरून आपोआप आलेली नोंद भरायच्या आधी बदलता येते. ११ जानेवारीपर्यंत वेळ आहे. क्यूआरचा प्रश्न तरी उरतोच.